दातांपासून ४० सेंटिमीटर
अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेत वर्षे काढलेल्या एका सर्जनच्या अनुभवाचे बोल

१. आधी आकडा विचारा

एंडोस्कोपीच्या खोलीतून रेसिडेंट सांगत येतो, ‘‘सर, अन्ननलिकेत गाठ आहे.’’ माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘किती सेंटिमीटरवर?’’ स्कोपच्या नळीवर खुणा असतात आणि माप समोरच्या वरच्या दातांपासून घेतात. मध्यम उंचीच्या प्रौढ माणसात १५ सेंटिमीटरवर घसा संपून अन्ननलिका सुरू होते. गळ्यातल्या क्रिकॉइड कूर्चेची ही खालची कड, मानेच्या सहाव्या मणक्यासमोरची. साधारण ४० वर ती जठरात उघडते, पाठीच्या अकराव्या मणक्यापाशी. म्हणजे अन्ननलिकेची स्वतःची लांबी २५ सेंटिमीटर. मी तिची वाटणी अशी करतो: १५ ते २० मानेतली, २० ते २५ छातीतली वरची, २५ ते ३० मधली आणि ३० ते ४० खालची. या शेवटच्या तुकड्यातच पोटातली एक-दोन सेंटिमीटर येतात.

एवढा एक आकडा कळला की शेजारी काय आहे, रक्त कुठून येते, कोणत्या बाजूने जायचे, हे बरेचसे कळते. ही नळी मान, छाती आणि पोट असे तीन मुलूख ओलांडते, आणि ज्या मुलखात असेल तिथल्या रक्तवाहिन्यांवर जगते. उंच आणि ठेंगण्या माणसांत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून रिपोर्टमध्ये नुसते ‘२७ वर गाठ’ पुरत नाही. गाठीची वरची कड, खालची कड आणि जठराचे तोंड या तिन्हींचे आकडे मी लिहून मागतो. तिसऱ्या आकड्यावरून पहिल्या दोघांचा अर्थ लागतो.

२. रुग्णाचे बोट नेहमी खरी जागा दाखवत नाही

सोलापूरकडचे एक शेतकरी आले होते. वय पन्नाशीच्या पुढे, तंबाखू बरीच वर्षे. तीन महिने भाकरी उतरत नव्हती. मग भात कालवून खायला लागले, आता पेजेवर आले होते. गळ्याच्या खाली, छातीच्या हाडाच्या वर जो खळगा असतो तिथे बोट ठेवून म्हणाले, ‘‘हितं आडतंय बघा डॉक्टर.’’ मी म्हटलं, ‘‘काका, दुर्बीण घालून बघू या.’’ गाठ निघाली २७ ते ३२ सेंटिमीटरवर, बोटाच्या बरीच खाली.

हे नेहमी घडते. खालच्या अडथळ्याची जाणीव वर गळ्याशी होऊ शकते. उलट मात्र सहसा होत नाही. कुणी छातीच्या खालच्या टोकाशी बोट ठेवले तर अडथळा बहुधा तिथेच असतो. गळ्याशी बोट ठेवले तर घशापासून जठराच्या तोंडापर्यंत कुठेही असू शकतो. म्हणून ‘घशात अडकतं’ म्हणणाऱ्या माणसाचा नुसता घसा बघून त्याला घरी पाठवू नये.

दुसरी गोष्ट. अन्ननलिका चांगली ताणली जाते. आतली वाट १३ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी झाली की घन अन्न नेहमी अडू लागते. तोवर गाठीने नळीचा बराचसा घेर व्यापलेला असतो. आधी भाकरी, मग भात, मग पेज, असा क्रम काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सरकला, तर ती वाट हळूहळू बुजत चालल्याची खूण आहे. पाणी आणि भाकरी पहिल्या दिवसापासून सारखीच अडत असतील, तर नळीच्या हालचालीचा बिघाड आधी मनात यावा.

३. अडकायच्या चार जागा आणि त्यांचे शेजारी

अन्ननलिका चार ठिकाणी अरुंद असते. पहिली जागा तिच्या तोंडाशी, १५ वर. इथे क्रिकोफॅरिंजियस स्नायू दाबून धरतो आणि सगळ्या वाटेत हीच जागा सर्वांत निमुळती. दुसरी २२-२३ वर, जिथे महाधमनीची कमान डावीकडून टेकते. तिसरी २७ च्या आसपास, जिथे डावी मुख्य श्वासनलिका पुढून आडवी जाते. चौथी ३८ ते ४० वर, श्वासपटलातून जाताना, पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी. दुसरी आणि तिसरी इतक्या जवळ आहेत की काही पुस्तकांत त्या एकच मोजतात. निरोगी माणसात स्कोप घातला तर या जागा फारशा डोळ्यांत भरत नाहीत. २३ च्या आसपास भिंत धडधडताना दिसते, ती महाधमनी. आणखी खाली जी पुढून धडधडते, ती हृदयाची डावी कर्णिका.

मुलांनी गिळलेली नाणी बहुतेक पहिल्याच जागी अडकतात. समोरून काढलेल्या एक्स-रेत नाणे पूर्ण गोल दिसले आणि बाजूच्या एक्स-रेत नुसती कड दिसली, तर ते अन्ननलिकेत आहे असे धरावे. पण गोलाच्या आत दुसरे वर्तुळ दिसले, किंवा बाजूच्या फोटोत कडेला पायरी दिसली, तर ते नाणे नव्हे, बटण बॅटरी आहे. मग पोट रिकामे होण्याची वाट बघायची नसते. दोन तासांतही भिंत जळू शकते. जळणे सर्वांत जास्त ऋण बाजूला होते. ती बाजू म्हणजे बॅटरीची अरुंद बाजू, आणि ती कोणाकडे तोंड करून आहे हे एक्स-रेवर पाहून ठेवावे. पुढे असेल तर धोका श्वासनलिकेला. दुसऱ्या अरुंद जागी, महाधमनीजवळ अडकलेली बॅटरी काढून झाल्यावरही निर्धास्त होता येत नाही. भिंतीतली जळजळ पुढे काही दिवस खोल जात राहते आणि महाधमनीपर्यंत भोक पडू शकते. अशा मुलाला थोडीशी जरी रक्ताची उलटी झाली तरी ती मोठ्या रक्तस्रावाची आगाऊ सूचना मानावी.

मोठ्या माणसांत दुसऱ्या जागेची ओळख पावसाळ्यात होते. लेप्टोच्या भीतीने डॉक्सिसायक्लिन दिलेले असते. माणूस रात्री झोपताना घोटभर पाण्यावर कॅप्सूल टाकतो आणि आडवा होतो. कॅप्सूल महाधमनीपाशी चिकटून विरघळते. सकाळी गिळताना छातीत सुरी फिरवल्यासारखे दुखते, आणि स्कोपमध्ये २३-२४ वर व्रण दिसतो, कधी समोरासमोरच्या भिंतींवर एकेक. बाकी नळी स्वच्छ असते. पेलाभर पाणी प्यावे आणि अर्धा तास तरी उभे किंवा बसून राहावे, एवढ्यानेच हे बहुधा टळते.

४. नळी सरळ नाही, म्हणून चिरा कुठे द्यायचा ते तिला विचारा

चित्रात अन्ननलिका सरळ रेघ दिसते. प्रत्यक्षात ती मानेच्या तळाशी मध्यरेषेच्या थोडी डावीकडे येते. छातीत महाधमनीची कमान तिला पुन्हा मध्यावर ढकलते, आणि पाठीच्या सातव्या मणक्याच्या खाली ती परत डावीकडे व पुढे वळते. खाली महाधमनी तिच्या मागे गेलेली असते. ही वळणे लहान आहेत, पण ऑपरेशनची बाजू त्यांवरच ठरते.

मानेतला तुकडा गाठायला बहुधा डावीकडून जातात. अगदी खालच्या टोकाला डाव्या छातीतूनही पोचता येते. मधल्या तुकड्याला मात्र डावीकडून गेले की महाधमनीची कमान वाटेत उभी. उजवीकडे आडवी येते ती एकच मोठी शीर, अझायगसची कमान, आणि ती बांधून कापता येते. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक यांनी छातीतली कर्करोगग्रस्त अन्ननलिका यशस्वीपणे काढली, ती डाव्या छातीतून. पुन्हा जोडणी त्यांनी केलीच नाही. मानेतले तोंड आणि जठराचे तोंड यांच्यामध्ये शरीराबाहेरून रबरी नळी बसवली, आणि त्या बाई पुढे बारा-तेरा वर्षे जगल्या. १९४६ मध्ये आयव्हर लुइस यांनी पोट आणि उजवी छाती अशी वाट मांडली. मधल्या गाठींसाठी तीच वाट रूढ झाली. १९७६ मध्ये मॅककिऑन यांनी तिला मानेतला तिसरा चिरा जोडला.

आमच्या काकांची गाठ २७ ते ३२, म्हणजे उजवी छाती. पण २७ वर डावी श्वासनलिका अगदी पुढ्यात असते. इथे अन्ननलिकेला बाहेरून सिरोसाचे आवरण नसते. पोटातला तुकडा सोडला तर बाकी सगळी नळी उघड्या स्नायूनिशी शेजाऱ्यांना टेकलेली असते. म्हणून २७-२८ च्या वर पोचलेल्या गाठीत ऑपरेशनआधी ब्राँकोस्कोपी केलीच पाहिजे. श्वासनलिकेचे अस्तर फुगून आत आले आहे की गाठ थेट आत शिरली आहे, हे सीटी स्कॅनवर नेमके कळेलच असे नाही. काकांची श्वासनलिका मोकळी होती.

५. रक्त उसने, पण पुरेसे

अन्ननलिकेला स्वतःची अशी एक मोठी धमनी नाही. मानेत थायरॉइडच्या खालच्या धमनीच्या फांद्या येतात. छातीत श्वासनलिकांच्या धमन्या आणि महाधमनीतून थेट निघालेल्या चार-पाच बारीक फांद्या. पोटात जठराच्या डाव्या धमनीच्या आणि श्वासपटलाच्या डाव्या धमनीच्या फांद्या. या सगळ्या भिंतीपाशी पोचण्याआधीच आणखी बारीक होतात, आणि अस्तराखालच्या थरात त्यांचे उभे जाळे होते.

यातून दोन गोष्टी निघतात. भिंतीजवळच्या फांद्या इतक्या बारीक असतात की त्या तुटल्या तरी आकसून थांबतात. १९७८ पासून ऑरिंजर यांनी छाती न उघडता, मान आणि पोटातून हात घालून अन्ननलिका सोडवण्याची पद्धत चालवली. तिच्यात रक्तस्राव बहुधा आटोक्यात राहतो तो याचमुळे. अट एकच, सोडवताना बोटे भिंतीला चिकटून हवीत. आणि आतले उभे जाळे चांगले असल्याने मानेतला उरलेला तुकडा काही सेंटिमीटर मोकळा केला तरी सहसा जगतो.

मग जोड का फुटतो? बहुतेक वेळा दोष दुसऱ्या टोकाचा असतो. अन्ननलिकेच्या जागी आपण जठराची नळी करून वर ओढतो. तेव्हा जठराची डावी धमनी कापावीच लागते. नळी जगते ती मुख्यतः जठराच्या मोठ्या वळणावरच्या उजव्या धमनीवर. ती धमनी अर्ध्याहून जास्त वाट चालून वर येते, पण अगदी टोकापर्यंत पोचत नाही. टोकाला रक्त जाते ते भिंतीतल्या झिरपण्यातून. मानेत जोड घ्यायचा तर नेमके तेच टोक वर येते. म्हणून जोड टोकावर न घेता शक्य तितका खाली घ्यावा आणि काळपट वाटणारे टोक कापून टाकावे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात नाडी कारणाशिवाय जलद राहिली, ताप आला किंवा मानेची जखम लाल झाली, तर जोडाकडे संशयाने बघावे. टाके घालताना ताकद अस्तर आणि त्याखालच्या थरात असते. बाहेरच्या उभ्या स्नायूत टाका धरत नाही, चिरत जातो.

६. शिरा: खालच्या पाच सेंटिमीटरकडे आधी बघा

शिरांची वाटणीही मुलखाप्रमाणेच. मानेतले रक्त थायरॉइडच्या शिरांवाटे जाते, छातीतले अझायगसमध्ये. खालच्या टोकाचे जठराच्या डाव्या शिरेतून पोर्टल शिरेत, म्हणजे यकृताकडे. यकृताचे रक्त आणि बाकी शरीराचे रक्त इथे एकमेकांना भेटते. सिरोसिसमध्ये यकृताची वाट अडली की पोर्टल रक्त उलटे फिरते, जठराच्या डाव्या शिरेतून अन्ननलिकेत चढते आणि अझायगसकडे निघते. पोर्टल आणि सर्वसाधारण शिरांच्या दाबातला फरक १० मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला की शिरा फुगायला लागतात. १२ च्या वर फुटण्याची भीती असते.

फुटतात त्या बहुतेक शेवटच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये. कारण बाकी ठिकाणी शिरा अस्तराखालच्या थरात खोल असतात. इथे मात्र त्या पातळ अस्तरातच, एकमेकींशेजारी उभ्या ओळीत वर येतात. त्यांच्यावर आवरण जवळजवळ नसतेच. म्हणून बँड लावताना जठराच्या तोंडापासून सुरुवात करून गोल फिरत वर यायचे. वरून सुरुवात केली तर खालचा दाब तसाच राहतो आणि शिवाय आधी लावलेले बँड पुढच्या वाटेत येतात.

फुगलेल्या शिरा नुसत्या वरच्या तिसऱ्या भागात दिसल्या, तर यकृत सोडून छातीकडे बघा. डायलिसिसवर असलेल्या एका बाईंच्या रिपोर्टमध्ये २० ते २५ वर फुगलेल्या शिरा होत्या आणि खालचे टोक अगदी स्वच्छ. यकृत निरोगी. मानेतल्या कॅथेटरांमुळे छातीतली वरची महाशीर बंद पडली होती. डोक्याचे आणि हातांचे रक्त अन्ननलिकेतून खाली वाट काढत होते. अशा रुग्णाला पोर्टल दाबाच्या गोळ्यांचा उपयोग नाही. इलाज त्या बंद शिरेचा.

७. लसिका आकड्याला जुमानत नाही

इथपर्यंत आकड्याने साथ दिली. आता तो नियम मोडतो. पुस्तकात लसिकेची वाटणीही तशीच नीट दिलेली असते. मानेतली लसिका मानेतल्या खोल ग्रंथींत, छातीतली नळीच्या मागच्या आणि श्वासनलिकांच्या ग्रंथींत, पोटातली जठराच्या डाव्या धमनीच्या कडेने पुढे सिलिअक ग्रंथींत. हे खरे आहे, पण अपुरे.

अन्ननलिकेत लसिकावाहिन्या अस्तरातच सुरू होतात आणि अस्तराखालच्या थरात त्यांचे उभे जाळे होते. मोठ्या आतड्यात अस्तराच्या वरच्या भागात त्या जवळजवळ नसतात. म्हणून तिथला अगदी उथळ कर्करोग सहसा ग्रंथींत जात नाही. इथे गाठ अस्तराखालच्या थरात उतरली की ग्रंथींत जाण्याचा धोका एकदम वाढतो. जाळे उभे असल्याने लसिका स्नायू भेदून बाहेर पडण्याआधी बरेच अंतर वर किंवा खाली चालते. म्हणून २८ वरची गाठ मानेत आणि पोटातही गाठी देऊ शकते, आणि शेजारची ग्रंथी तेवढ्यात स्वच्छ राहू शकते.

काकांच्या बाबतीत हे सगळे दिसले. गाठीच्या वरचा भाग साधा बघितला तर निरोगी होता. लुगॉल आयोडीन शिंपडले. निरोगी अस्तरात ग्लायकोजेन असते, ते तपकिरी होते. रोगट भाग रंग घेत नाही. २२ वर एक छोटा डाग तसाच फिका राहिला. तुकडा तपासला तर कर्करोगच. तो लसिकेतून आलेला की तंबाखूने जागोजागी बिघडलेल्या अस्तरात वेगळाच उगवलेला, हे ठरवत बसण्यापेक्षा एक निर्णय महत्त्वाचा होता. छातीत जोड घेतला तर तो अझायगसच्या थोडा वर, २३ च्या आसपास येतो, आणि डाग आतच राहिला असता. म्हणून जोड मानेत, १८ वर ठरला. पेट स्कॅनवर एक ग्रंथी उजळली होती. ती गाठीजवळची नव्हती. उजव्या छातीच्या अगदी शिखराशी, आवाजाच्या उजव्या रिकरंट नसेजवळची होती.

आधी केमो आणि रेडिएशन दिले: पाच आठवडे, आठवड्याला एकदा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, सोबत २३ हप्त्यांत ४१.४ ग्रे. मग उजवी छाती, पोट आणि मान अशा तीन टप्प्यांत ऑपरेशन. रिकरंट नसांजवळच्या ग्रंथी काढताना नसेला ताण बसला तर आवाज बसतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. म्हणून तिथे करंट न वापरता कात्रीनेच काम करावे. मोठी लसिकावाहिनी, थोरॅसिक डक्ट, अन्ननलिकेच्या मागून जाते. खाली ती उजवीकडे असते आणि पाठीच्या पाचव्या मणक्याच्या आसपास डावीकडे जाते. ती दुखावली तर पहिले एक-दोन दिवस कळत नाही. आतड्यातल्या नळीतून दुधाचा आहार सुरू केला की छातीतल्या ड्रेनचे पाणी पांढरे होते. काकांचे ड्रेन स्वच्छ राहिले, आवाज टिकला.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये गाठीशेजारच्या ग्रंथी कोऱ्या होत्या. जिवंत कर्करोग दोन ठिकाणी सापडला: उजव्या रिकरंट नसेजवळ, आणि पोटात जठराच्या डाव्या धमनीच्या मुळाशी. गाठ छातीच्या मधोमध, पसरण छातीच्या शिखराशी आणि पोटात.

म्हणून गाठ कितव्याही सेंटिमीटरवर असो, माझ्या ओपीडीत दोन्ही बाजूंच्या कॉलरबोनच्या वरची मान हाताने चाचपली जाते, मानेची सोनोग्राफी होते आणि स्कॅन मानेपासून पोटापर्यंतचा मागवला जातो. कुठून शिरायचे, काय सांभाळायचे आणि जोड कुठे घ्यायचा यासाठी आकडा लागतो. रोग कुठवर गेला आहे हे मात्र त्या आकड्यावरून ठरवू नये.